चाळीस घरांनी सांगितलेलं कुठे राहतं? संशोधनाच्या ‘डेटा आराखड्या’ची गोष्ट, सोलापूरच्या गावांतून

१९७५ साली मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातलं कळमण या दोन गावांत एक वेगळंच काम सुरू झालं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिचे माणूस गावातच मुक्कामाला राहिले. प्रत्येक गावातली ४० कुटुंबं निवडली गेली. त्यांत ३० शेती करणारी आणि १० मजुरीवर जगणारी. दर तीन-चार आठवड्यांनी त्यांच्याकडे जायचं आणि विचारायचं: काय पेरलं, मजूर किती लावले, मजुरी काय दिली, बाजारातून काय आणलं, पैसे कुणाकडून उसने घेतले. अकोला जिल्ह्यातल्या दोन आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरच्या दोन गावांतही हेच चालू होतं.

शिरापूरमध्ये ही नोंद जवळपास दहा वर्षं चालली. मग खंड पडला आणि २००१ मध्ये अभ्यास पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात ही माहिती इतर संशोधकांपर्यंत पोचली होती. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९४ साली लिहिलेला एक निबंध आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. एखाद्या घराचं पीक बुडालं तर त्या घराचं खाणं-पिणं, खर्च तेवढाच बुडतो का, हा त्यातला प्रश्न. उत्तर असं निघालं की घराघरांचे खर्च बऱ्याच अंशी एकमेकांबरोबर वर-खाली होतात, म्हणजे गाव आपापसांत धक्का वाटून घेतं. हे ज्या तीन गावांच्या नोंदींवरून निघालं, त्यांतलं एक शिरापूर.

शिरापूरला गोळा झालेल्या नोंदी शिकागोतल्या माणसाला वीस वर्षांनी कळाव्यात, यासाठी त्या टिकलेल्या, वाचता येणाऱ्या आणि देता येण्याजोग्या असाव्या लागतात. त्याच वेळी, ज्यांनी घरातली उसनवारी सांगितली त्यांची नावं बाहेर पडता कामा नयेत. आज एखादा संशोधन प्रकल्प सुरू होण्याआधी या दोन्ही गोष्टींची तजवीज कागदावर मांडायची असते. त्या दोन-चार पानांच्या कागदाला ‘डेटा मॅनेजमेंट प्लॅन’ म्हणतात. आपण त्याला डेटा आराखडा म्हणू.

अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसा देणारी ‘एनआयएच’ २०२३ पासून असा आराखडा अर्जासोबतच मागते. भारतात सरकारी पैशातून तयार झालेली, संवेदनशील नसलेली माहिती लोकांना मिळावी असं २०१२ चं राष्ट्रीय धोरण सांगतं. पण आराखडा भरताना नेमकं काय ठरवायचं, हे एखादं उदाहरण घेतल्याशिवाय उमजत नाही.

समजा, असा एक प्रकल्प आहे

सोलापुरातल्या एखाद्या विद्यापीठ विभागाला जिल्ह्यातल्या एका गावात दोन वर्षांचा अभ्यास करायचा आहे. शिरापूरसारखीच ४० कुटुंबं, दर चार आठवड्यांनी भेट. विषय: ज्वारी सोडून डाळिंबाकडे वळलेल्या घरांचं पाणी, कर्ज आणि उत्पन्न. मुलाखत ४५ मिनिटांची, ध्वनिमुद्रित. सोबत मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आकडे आणि बिलं-पावत्यांचे फोटो.

आधी हिशेब करू. वर्षाला १३ फेऱ्या, दोन वर्षांत २६. म्हणजे ४० घरांच्या १,०४० मुलाखती. न दाबलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपात एका वाहिनीचं ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण ५.३ एमबी जागा घेतं. ४५ मिनिटांना झाले जवळपास २४० एमबी आणि सगळ्या मुलाखती मिळून २५० जीबी. फोटोंचे १५-२० जीबी धरा. आणि सगळ्या आकड्यांचा तक्ता? तो फार तर काही एमबी.

या हिशेबातच आराखड्याचं निम्मं उत्तर आहे. सर्वांत जास्त जागा आवाज खातो आणि सर्वांत जास्त धोकाही त्यातच, कारण आवाजावरून गावातलं कुणीही माणूस ओळखतं. उलट ज्यावर सगळं संशोधन उभं राहणार तो तक्ता एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो. या दोघांना एकच नियम लावून चालत नाही. पण बहुतेक आराखड्यांत ‘सर्व डेटा सुरक्षित ठेवला जाईल’ असं एकच वाक्य असतं. त्या वाक्यावरून उद्या सकाळी कुणी काय करायचं, हे कुणालाच कळत नाही.

साठवण: फाइल कुठे, आणि तिचं नाव काय

पहिला नियम सोपा आहे. प्रकल्पाची मूळ प्रत विद्यापीठाच्या मालकीच्या जागेत राहील, कुणाच्या खासगी लॅपटॉपवर नाही. प्रकल्प सहायक अकरा महिन्यांच्या करारावर असतात. ते जातात, आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉप, खासगी ईमेलमधले फोटो आणि फाइलींची डोक्यातली मांडणीही जाते. म्हणून आराखड्यात जबाबदारी व्यक्तीच्या नावावर न ठेवता पदावर ठेवतात: ‘विभागाचा प्रयोगशाळा सहायक दर शुक्रवारी…’ असं.

व्हॉट्सॲपवर मुलाखती आणि पावत्या पाठवण्याची सवय सगळीकडे आहे. ती इथे बंद करावी लागते. एकतर फोटो दाबला जाऊन पावतीवरचे बारीक आकडे पुसट होतात. दुसरं म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत राहते. ती पुसली की नाही, हे तपासायला कुठलाच मार्ग नाही. त्याऐवजी ‘कोबोटूलबॉक्स’सारखा फॉर्म वापरतात. तो शेतात रेंज नसतानाही भरता येतो आणि नेटवर्क आल्यावर सर्व्हरला जातो.

फाइलचं नाव असं ठेवतात:

```
H023_F07_20260114.wav
```

म्हणजे २३ क्रमांकाचं घर, सातवी फेरी, १४ जानेवारी २०२६. नावात आडनाव नाही, गल्ली नाही. तारीख वर्षापासून सुरू केली की प्रत्येक घराच्या फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. ‘मुलाखत फायनल नवीन २’ अशा नावाची फाइल तीन महिन्यांनी उघडून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

आता दोन मराठमोळी संकटं. इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ती सहसा सापडत नाहीत.

पहिलं संकट गट क्रमांकाचं. फॉर्ममध्ये गट क्रमांक १२/३ लिहिला आणि तो तक्ता एक्सेलमध्ये उघडला, की एक्सेलला ती तारीख वाटते. भारतीय मांडणी असलेल्या संगणकावर `12/3` चं `12-Mar` होतं. आपल्याकडे ज्या कागदाचं नावच ७/१२ आहे, त्याचं डिसेंबर महिन्यात रूपांतर व्हावं हा विनोदच, पण नुकसान खरं आहे. एकदा फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा परत मिळत नाही. स्तंभात कुठेही महिन्याचं नाव किंवा ४६ हजारांच्या घरातला एखादा अनोळखी आकडा दिसला, तर हेच झालं आहे असं समजावं. उपाय म्हणजे तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवणं, आणि मूळ सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून कधीच न उघडणं. फॉर्ममधून उतरवलेली ही मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवतात आणि सगळी दुरुस्ती प्रतीत करतात.

दुसरं संकट अक्षरांचं. मुलाखती लिहून काढण्याचं काम अजूनही पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन करणाऱ्यांकडे जातं. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘सोलापूर’ असं दिसतं, पण फाइलच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरं असतात:

```
lksykiwj
```

तो फॉन्ट असलेला संगणक आहे तोवर ठीक. दहा वर्षांनी दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की पानभर हेच दिसतं, आणि त्या फाइलीत ‘कर्ज’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. म्हणून ‘सर्व लेखन युनिकोडमध्येच’ ही अट आराखड्यात आणि टंकलेखकाच्या कामाच्या कागदातही घालावी लागते. तपासणी एका मिनिटाची आहे: मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. मराठीच राहिला तर युनिकोड, नाहीतर नाही. सोलापूर जिल्ह्यात मुलाखतीत कन्नड आणि तेलुगू वाक्यंही येतात. त्यांनाही हीच अट लागू होते.

बॅकअप: तीन प्रती, आणि त्यांतली एक दूर

बॅकअपसाठी जगभर ‘३-२-१’ नावाची पद्धत चालते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या प्रकल्पात त्याचा अर्थ असा: एक प्रत विद्यापीठाच्या सर्व्हरवर, दुसरी कुलूपबंद कपाटातल्या बाह्य हार्डडिस्कवर, तिसरी विद्यापीठाच्या खात्यावरच्या क्लाउडवर, तीही कूटबद्ध करून. तिन्ही मिळून ८०० जीबीच्या आसपास. हे काही मोठं नाही. दिवसाला दोन मुलाखती म्हणजे ४८० एमबी. इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट एवढाच मिळाला तरी अर्ध्या तासात काम होतं.

गफलत होते ती वेगळीकडे. लॅपटॉपवरचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलं की बॅकअप झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. ती जोडणी आरशासारखी काम करते. लॅपटॉपवर फाइल चुकून पुसली गेली की ड्राइव्हवरूनही जाते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते. फाइली ओलीस ठेवणारा व्हायरस आला, तर बिघडलेल्या फाइलीही तितक्याच इमानाने वर चढतात. म्हणून निदान एक प्रत अशी हवी की जी एरवी कशालाच जोडलेली नसते. कपाटातली हार्डडिस्क त्यासाठी. काम झाल्यावर ती तारेसकट काढून ठेवायची. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात ती खिडकीजवळच्या कपाटात किंवा बंद गाडीत राहू नये, एवढंही आराखड्यात लिहायला हरकत नाही.

प्रत आहे, पण ती शाबूत आहे का? फाइल हळूच बिघडते तेव्हा तिचं नाव आणि आकार तोच राहू शकतो. त्यासाठी फाइलचा ‘ठसा’ घेतात. संगणक फाइलच्या आतल्या सगळ्या मजकुरावरून एक लांबलचक संख्या काढतो. एक अक्षर बदललं तरी ही संख्या पार बदलते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पूर्ण फोल्डरचे ठसे एका यादीत येतात:

```
Get-ChildItem *.wav | Get-FileHash | Export-Csv thase.csv -NoTypeInformation
```

ही यादी मुलाखत आली त्याच आठवड्यात बनवतात. तीन महिन्यांनी हार्डडिस्कवरच्या प्रतीवर तीच आज्ञा पुन्हा चालवायची आणि दोन्ही याद्यांतले ठसे ताडून पाहायचे. जिथे फरक, ती फाइल बिघडलेली. मग दुसऱ्या प्रतीवरून ती परत आणायची. सोबत एक रंगीत तालीमही ठरवतात: वर्षातून दोनदा बॅकअपवरून दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहायच्या. कूटबद्ध प्रतीचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, हे त्या तालमीतच कळलेलं बरं.

देणं-घेणं: नाव काढलं म्हणजे माणूस लपत नाही

आता सगळ्यांत अवघड भाग. आपल्या ४० घरांनी काय काय सांगितलेलं असतं? विनापरवाना सावकाराकडून उचललेले पैसे. मोटारीसाठी तारेवर टाकलेला आकडा. भावाला न कळवता विकलेली गाय. हे चुकीच्या हातात पडलं तर त्या घराला त्याची किंमत गावातच मोजावी लागते.

नाव आणि गट क्रमांक काढून तक्ता कुणाला दिला, तर काय होईल ते पाहू. एका ओळीत लिहिलं आहे: मोठा शेतकरी, सहा हेक्टर, दोन विहिरी, डाळिंब, मुलगा पुण्याला नोकरीत, फेब्रुवारीत मुलीच्या लग्नासाठी तीन लाखांचं खासगी कर्ज. ४० घरांत मोठे शेतकरी दहाच. त्यांत दोन विहिरींचे समजा चार. त्यांतले डाळिंबवाले दोन. फेब्रुवारीत लग्न झालेलं घर एकच. गावातल्या पारावर बसलेल्या माणसाला यासाठी संगणकही लागत नाही. नमुना लहान आणि गाव ओळखीचं असेल, तर नाव काढणं ही फक्त पहिली पायरी असते.

पुढच्या पायऱ्यांत तपशील मुद्दाम ढोबळ करतात. सहा हेक्टरऐवजी ‘चार हेक्टरपेक्षा जास्त’, फेब्रुवारीऐवजी ‘दुसरं वर्ष, पहिली सहामाही’, लग्नाऐवजी ‘घरगुती समारंभ’. मग पाहायचं, की उरलेल्या खुणांचा कुठलाही संच घेतला तरी तो निदान पाच घरांना लागू पडतो का? एखादं घर तरीही एकटंच उठून दिसत असेल, तर त्याची ती खूण झाकायची. गावाचं नावही काढून फक्त ‘सोलापूर जिल्हा’ ठेवता येतं. याची किंमत मोजावी लागते. जमिनीचे गट पाडले की हेक्टरी उत्पन्नाचा बारीक हिशेब बाहेरच्या संशोधकाला करता येत नाही. म्हणून एकाऐवजी तीन थर करतात. ढोबळ तक्ता सगळ्यांना खुला. बारीक तक्ता अर्ज करून, वापराची अट लिहून देणाऱ्या संशोधकांनाच. आवाज आणि घरक्रमांकाला नाव जोडणारी यादी कुणालाही नाही.

खुला तक्ता स्वतःच्या विभागाच्या वेबसाइटवर ठेवणं धोक्याचं, कारण वेबसाइट बदलते आणि दुवे तुटतात. तो कायमचा क्रमांक देणाऱ्या संग्रहात ठेवतात. समाजशास्त्रांसाठी ‘आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस’ आहे. जिनिव्हाच्या ‘सर्न’ने चालवलेलं ‘झेनोडो’ २०१३ पासून कुठल्याही विषयाला विनामूल्य खुलं आहे. तक्त्याबरोबर संकेतावली द्यावी लागते: कोणता स्तंभ काय, एकक काय, रिकामी जागा म्हणजे ‘नाही’ की ‘विचारलं नाही’. शेवटचा फरक नोंदवला नसेल, तर कर्ज नसलेलं घर आणि कर्जाबद्दल बोलायला नकार देणारं घर तक्त्यात सारखंच दिसतं.

पण हे सगळं करायची परवानगी आहे का, ते पहिल्या भेटीतच ठरून गेलेलं असतं. अनेक संमतिपत्रांत सवयीने एक वाक्य येतं: ‘ही माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल व नंतर नष्ट केली जाईल.’ वाक्य ऐकायला सभ्य आहे. पण ते लिहून सही घेतली, की पुढे डेटा कुणाला देणं म्हणजे शब्द मोडणं. आणि चाळीस घरी पुन्हा जाऊन सह्या घेणं क्वचितच जमतं. म्हणून आराखडा आधी आणि संमतिपत्र नंतर, हा क्रम महत्त्वाचा. संमतिपत्रात मग असं येतं: ‘तुमचं नाव, गट क्रमांक आणि आवाज बाहेर दिला जाणार नाही. नाव काढलेली आकडेवारी इतर संशोधक वापरू शकतील.’ त्याखाली होय-नाहीचे दोन स्वतंत्र चौकोन: आकडेवारी इतरांना द्यावी का, आणि काही वर्षांनी पुन्हा तुमच्याकडे आलो तर चालेल का. एखाद्याने पहिल्याला नकार दिला तर ते घर अभ्यासात राहतं, खुल्या तक्त्यात मात्र येत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. ती सशर्त आहे. त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानकं पाळली जावीत. कर्जाची यादी बँकेने ‘सहकार्य’ म्हणून मागितली तर द्यायची नाही, याचा आधार इथेही आहे.

किती वर्षं ठेवायचं

‘कायमचं’ आणि ‘प्रकल्प संपेपर्यंत’ ही दोन्ही उत्तरं सहसा चुकीची असतात. ब्रिटनमध्ये अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणारी संस्था इतर कुणी डेटा शेवटचा मागितल्यापासून निदान दहा वर्षं तो ठेवायला सांगते. आपल्या उदाहरणात प्रत्येक थराला वेगळी मुदत बसते. खुला तक्ता संग्रहात, मुदतीशिवाय. बारीक तक्ता आणि नावं काढलेलं लेखन दहा वर्षं. ध्वनिमुद्रण लिहून काढून दुसऱ्या माणसाने ऐकून तपासलं, की सहा महिन्यांत पुसायचं. २५० जीबीचा बोजा आणि सगळ्यांत मोठा धोका, दोन्ही तिथेच संपतात.

पुसणं म्हणजे रिसायकल बिन रिकामा करणं नव्हे. त्यानंतरही साध्या सॉफ्टवेअरने फाइली परत येतात. हार्डडिस्क पहिल्या दिवसापासूनच बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असेल, तर काम सोपं होतं. डिस्क फॉरमॅट केली आणि किल्लीच्या सगळ्या प्रती नष्ट केल्या, की उरलेले अंश कुणाला वाचता येत नाहीत. क्लाउडवरची प्रत मात्र वेगळी पुसावी लागते, आणि तीच सहसा विसरली जाते.

राहते घरक्रमांक आणि नावं जोडणारी यादी. सगळ्यांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रकल्प संपताच ती जाळणं. पण तसं केलं तर शिरापूरसारखं काम पुन्हा होत नाही. तिथे खंडानंतर अभ्यास परत सुरू झाला तेव्हा जुन्या घरांच्या वाटण्या झाल्या होत्या, मुलं वेगळी निघाली होती. जुनं २३ क्रमांकाचं घर आज कोणत्या तीन चुलींत विभागलं आहे, हे यादी असेल तरच सांगता येतं. म्हणून आपल्या आराखड्यात या यादीसाठी वेगळी तरतूद येते. ज्या घरांनी ‘पुन्हा या’ या चौकोनावर होय म्हटलं, तेवढ्यांचीच नावं उरतील. एक छापील प्रत लाखबंद पाकिटात विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या कपाटात, एक कूटबद्ध फाइल वेगळ्या पासवर्डखाली, आणि पाकिटावर फेरविचाराची तारीख: ३१ मार्च २०३८. त्या दिवशी त्या पदावर जो असेल त्याने पाकीट पुढे ठेवायचं की फाडायचं, हे ठरवायचं आणि तसं नोंदवहीत लिहायचं.